केरळचा मृत्युदर बिहारपेक्षा जास्त कसा? वयोरचना आणि मृत्युदरांची तुलना

मुळाक्षर

नमस्कार. नमुना नोंदणी पद्धतीची, म्हणजे एसआरएसची, 2019 ची आकडेवारी पाहत असताना एका ठिकाणी मी अडकलो आहे. त्या वर्षी केरळचा मृत्युदर दर हजारी 7.1 होता आणि बिहारचा 5.5. महाराष्ट्राचा 5.4 आणि संपूर्ण देशाचा 6.0 होता. म्हणजे केरळमध्ये देशाच्या सरासरीपेक्षा जास्त माणसे मरतात आणि बिहारमध्ये कमी. मात्र त्याच वर्षीचा अर्भक मृत्युदर पाहिला, तर केरळमध्ये हजार जिवंत जन्मांमागे 6 आणि बिहारमध्ये 29 बालके वर्षाच्या आत दगावली. हे दोन्ही आकडे एकाच यंत्रणेने काढलेले आहेत.

आमच्या एका गटात हाच पहिला आकडा फिरवून ‘केरळच्या आरोग्यव्यवस्थेचा गवगवा खोटा आहे’ असे कोणी तरी लिहिले. मला ते पटले नाही, पण उत्तरही देता आले नाही. लोकसंख्येने भागून दर हजारी आकडा काढल्यावर तुलना न्याय्य व्हायला हवी, असेच मी आजवर समजत आलो होतो. माझे कुठे चुकते आहे?

त्र्यंबक

माझ्या मते उत्तर सरळ आहे. बिहारमध्ये मृत्यूंची नोंदच होत नाही. माणूस गेला की नदीकाठी अंत्यसंस्कार होतात आणि घरचे लोक दाखल्याच्या वाटेला जात नाहीत. केरळमध्ये प्रत्येक मृत्यू कागदावर येतो, म्हणून तिथला दर जास्त दिसतो. आपण नोंदणीच्या दर्जाची तुलना करत आहोत, मृत्यूंची नव्हे.

शरयू

त्र्यंबकराव, नागरी नोंदणीच्या आकड्यांबाबत आपण म्हणता ते बरेचसे खरे आहे. परंतु मुळाक्षर यांनी दिलेले आकडे त्या नोंदणीचे नाहीत. एसआरएसमध्ये निवडक गावे आणि शहरी गट ठरवून घेतलेले असतात. तिथे एक स्थानिक प्रगणक वर्षभर जन्ममृत्यू टिपतो आणि दर सहा महिन्यांनी एक पर्यवेक्षक स्वतंत्रपणे घरोघरी जाऊन तीच माहिती पुन्हा गोळा करतो. दोन्ही याद्या ताडून पाहतात आणि जे जुळत नाही त्याची प्रत्यक्ष जाऊन खातरजमा करतात. दाखला काढला की नाही, याच्याशी त्या आकड्याचा संबंध नसतो. काही मृत्यू याही पद्धतीत निसटतात, पण 7.1 आणि 5.5 मधला फरक मुख्यतः तेवढ्याने पडलेला नाही.

खरे कारण वयोरचनेत आहे. 2011 च्या जनगणनेत केरळमध्ये साठीच्या पुढचे लोक 12.6 टक्के होते आणि बिहारमध्ये 7.4 टक्के. केरळमध्ये जन्मदर फार आधी खाली आला, त्यामुळे मुलांचा वाटा आटला. तरुण आखातात आणि इतर राज्यांत गेले, आणि जे मागे राहिले ते दीर्घकाळ जगत आहेत. बिहारचा जन्मदर आजही केरळच्या जवळजवळ दुप्पट आहे, त्यामुळे तिथे मुले आणि तरुण भरपूर. दहा वर्षांचे मूल आणि पंचाहत्तरीचे आजोबा यांच्या मृत्यूच्या शक्यतेत कित्येक पटींचा फरक असतो. ज्या प्रदेशात आजोबा जास्त, तिथे हजारामागे मृत्यू जास्त होणारच. मग तिथला प्रत्येक आजोबा दुसऱ्या प्रदेशातल्या आजोबांपेक्षा ठणठणीत का असेना.

लोकसंख्येने भागल्यामुळे प्रदेश किती मोठा आहे याचा परिणाम निघून जातो. त्यात कोणत्या वयाचे लोक किती आहेत, याचा परिणाम तसाच राहतो.

मुळाक्षर

शरयूताई, तत्त्व समजले. पण केवळ ‘म्हातारे जास्त’ एवढ्याने असा उलटा निकाल लागू शकतो, हे हिशेबाने दिसले तर मी ते त्या गटात ठामपणे मांडू शकेन.

शरयू

तीनच वयोगट घेऊन करून दाखवते. पुढचे आकडे खरे नाहीत. हिशेब समजावा म्हणून मी ते घेतले आहेत, आणि एकूण दर वरच्या खऱ्या दरांच्या आसपास यावेत असे मुद्दाम निवडले आहेत.

दोन प्रदेश घ्या, प्रत्येकी एक लाख लोकांचे. ‘अ’ प्रदेशात पंधरा वर्षांखालची मुले 20,000 आहेत, पंधरा ते एकोणसाठ वयाचे 65,000 आणि साठ व त्यापुढचे 15,000. या तीन गटांत वर्षाला हजारामागे अनुक्रमे 1, 2 आणि 36 मृत्यू होतात. म्हणजे मुलांमध्ये 20, मधल्या वयात 130 आणि ज्येष्ठांमध्ये 540 मृत्यू. एकूण 690, म्हणजेच दर हजारी 6.9.

‘ब’ प्रदेशात मुले 35,000, मधल्या वयाचे 58,000 आणि ज्येष्ठ फक्त 7,000. इथे मृत्यूचे दर प्रत्येक गटात ‘अ’पेक्षा जास्त आहेत : 2, 3 आणि 42. त्याप्रमाणे 70, 174 आणि 294 मृत्यू होतात. एकूण 538, म्हणजे दर हजारी 5.4.

इथे क्षणभर थांबून पाहावे. ‘ब’मध्ये मूल असा, कर्ता माणूस असा की म्हातारा, त्याला मृत्यूचा धोका ‘अ’पेक्षा अधिकच आहे. तरीही एकूण दर मात्र ‘ब’चाच कमी.

आता दोन्ही प्रदेशांना सारखीच वयोरचना देऊन पाहू. समजा, लाखात 28,000 मुले, 61,000 मधले आणि 11,000 ज्येष्ठ. ‘अ’चे दर या लोकसंख्येला लावले तर 28, 122 आणि 396 असे 546 मृत्यू येतात. ‘ब’चे दर लावले तर 56, 183 आणि 462 असे 701. म्हणजे ‘अ’चा वय-समायोजित दर 5.5 आणि ‘ब’चा 7.0. पहिल्या तुलनेत जो पुढे होता तो मागे गेला.

रानवारा

उत्तम उदाहरण. पण एवढा खटाटोप कशासाठी? मृत्यूच्या वेळचे सरासरी वय काढावे. ज्या प्रदेशात लोक सरासरी जास्त वयाचे होऊन जातात, तो प्रदेश चांगला. अपेक्षित आयुर्मान म्हणजे हेच ना? केरळचे 2014–18 चे आयुर्मान 75.3 वर्षे आहे आणि बिहारचे 69.1. प्रश्न तिथेच मिटतो.

शरयू

रानवारा, आपला शेवटचा मुद्दा बरोबर आहे आणि त्याच्या आधीचा चुकीचा आहे. या दोन्ही गोष्टी एकच मानण्याची चूक फार जुनी आहे.

अपेक्षित आयुर्मान प्रत्येक वयाच्या मृत्युदरावरून काढतात. त्यात प्रत्यक्ष लोकसंख्येत मुले किती आणि म्हातारे किती, याला स्थान नसते. म्हणून राज्याराज्यांची तुलना त्याने करता येते. 75.3 आणि 69.1 हे आकडे मुळाक्षर यांच्या प्रश्नाचे खरोखरच चांगले उत्तर आहेत.

त्या वर्षी मरण पावलेल्यांच्या वयांची सरासरी ही मात्र वेगळी गोष्ट आहे. एखाद्या महाविद्यालयाच्या वसतिगृहात जे काही थोडे मृत्यू होतील, त्यांचे सरासरी वय वीसच्या आसपास येणार, कारण तिथे राहणारेच वीस वर्षांचे आहेत. त्यावरून वसतिगृह जीवघेणे आहे असे कोणी म्हणणार नाही. ज्या प्रदेशात मुले जास्त, तिथे मरणाऱ्यांतही मुलांचा वाटा जास्त आणि सरासरी वय कमी. म्हणजे वयोरचनेचा दोष या आकड्यात तसाच राहतो, फक्त उलट दिशेने.

1842 मध्ये इंग्लंडमध्ये एडविन चॅडविक यांनी श्रमिकांच्या आरोग्यस्थितीवरच्या अहवालात मृत्यूच्या सरासरी वयावरून निरनिराळ्या जिल्ह्यांची आणि वर्गांची तुलना केली होती. दोनच वर्षांनी, 1844 मध्ये, नीसन नावाच्या विमागणितज्ञांनी लंडनच्या सांख्यिकी संस्थेपुढे त्यातली चूक दाखवून दिली. एका जिल्ह्याचे वयोनिहाय दर दुसऱ्या जिल्ह्याच्या लोकसंख्येला लावून पाहिले, तर चित्र पालटते, असा त्यांचा युक्तिवाद होता. मी वर केलेला हिशेब त्याच घराण्यातला आहे.

मंदा आरोग्यसेविका

मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. मी उपकेंद्रात काम करते. माझ्या दृष्टीने ‘अ’ प्रदेशात 690 माणसे गेली आणि ‘ब’मध्ये 538, हेच खरे आहे. 546 आणि 701 ही माणसे कुठेच नव्हती. खाटा किती लागतील, घरी पडून असलेल्या रुग्णांकडे किती फेऱ्या माराव्या लागतील, शववाहिका किती हव्यात, हे सगळे 690 वरून ठरते. ‘अ’ने आपला दर ‘खरा’ 5.5 आहे असे मानून तयारी केली, तर तिथली यंत्रणा कोलमडेल. समायोजित आकड्यालाच खरा आकडा म्हणणे मला मान्य नाही.

शरयू

मंदाताई, आपण म्हणता ते मला पूर्ण मान्य आहे. ढोबळ, म्हणजे वय न पाहता काढलेला, दर चुकीचा नसतो. भार किती आहे हे त्यावरूनच कळते. ‘इथे राहणाऱ्या माणसाला तिथल्यापेक्षा धोका जास्त आहे का’ हा प्रश्न त्याला विचारला की तो फसवतो. समायोजित दर फक्त तुलनेपुरता असतो, आणि एकटा घेतला तर त्याला अर्थच नसतो. वरच्या उदाहरणात ‘ब’चीच वयोरचना प्रमाण म्हणून धरली, तर ‘अ’चा दर 4.0 येतो आणि ‘ब’चा अर्थातच 5.4. ‘अ’ची धरली, तर ‘ब’चा 8.7 आणि ‘अ’चा 6.9. एकाच ‘अ’ प्रदेशाचे 4.0, 5.5 आणि 6.9 असे तीन दर झाले, आणि तीनही बरोबर आहेत. दरवेळी ‘ब’चा दर ‘अ’पेक्षा साधारण एकचतुर्थांश ते एकतृतीयांशाने जास्त राहिला. वाचायचे ते एवढेच.

म्हणूनच दोन निरनिराळ्या अहवालांतले समायोजित दर शेजारी ठेवण्यापूर्वी दोन्हींनी कोणती प्रमाण लोकसंख्या घेतली आहे, हे पाहावे लागते. मुंबई आणि बार्शी येथील कर्करोग नोंदणी केंद्रांचे वय-समायोजित दर एकमेकांशी ताडता येतात, कारण दोघांपुढे जपानी संशोधक सेगी यांची तीच ‘जागतिक’ प्रमाण लोकसंख्या असते. जागतिक आरोग्य संघटनेने पुढे 2000 ते 2025 साठी दुसरी प्रमाण लोकसंख्या सुचवली. तिच्यात ज्येष्ठांचा वाटा अधिक आहे. ज्या रोगाने मुख्यतः वृद्ध मरतात, त्याचा दर नुसती प्रमाण लोकसंख्या बदलल्यानेही वाढलेला दिसेल.

निवृत्त_गुरुजी

हा धागा वाचून मला आमच्या गावाचा विचार करावासा वाटला. गाव रत्नागिरी जिल्ह्यात आहे. वस्ती 800. गेल्या वर्षी गावात 14 माणसे गेली. वाडीवाडीवर एकच चर्चा, की नव्या टाकीच्या पाण्यात काही तरी आहे. मी हिशेब केला तर हजारी साडेसतरा आला, म्हणजे राज्याच्या तिपटीहून जास्त. ग्रामसभेत हा आकडा मीच मांडला आणि त्यावरून बराच गदारोळ झाला. आता मला शंका येते आहे. गावात तरुण जवळजवळ नाहीत. सगळे मुंबईला. घराघरांत एखादे म्हातारे जोडपे आणि फार तर एखादी सून, नातवंडे.

शरयू

गुरुजी, वयोगटांप्रमाणे माणसे मोजलीत का? तीन गट चालतील.

निवृत्त_गुरुजी

घरपट्टीची यादी आणि मतदारयादी घेऊन काल मोजली. पंधराच्या आतली मुले 120, पंधरा ते एकोणसाठ वयाचे 400 आणि साठीच्या पुढचे 280.

शरयू

तिघांमागे एकाहून अधिक माणूस साठीच्या पुढचा. एवढ्या लहान गावाचे स्वतःचे वयोनिहाय दर काढण्यात अर्थ नाही. मुलांमध्ये एखादा मृत्यू कमीजास्त झाला, तर दर कुठल्या कुठे जातो. म्हणून इथे उलटा मार्ग धरतात. एखाद्या मोठ्या प्रदेशाचे दर गावाच्या लोकसंख्येला लावायचे, किती मृत्यू अपेक्षित होते ते काढायचे, आणि प्रत्यक्ष मृत्यूंशी ताडायचे.

वरच्याच ‘ब’चे दर लावून पाहू. प्रत्यक्षात आपण राज्याचे वयोनिहाय दर घ्यावेत, ते एसआरएसच्या वार्षिक अहवालात मिळतात. 120 मुलांमागे 0.24, 400 जणांमागे 1.2 आणि 280 ज्येष्ठांमागे 11.76. एकूण सुमारे 13. प्रत्यक्षात 14 गेले.

तिप्पट वाटणारा फरक जवळजवळ संपला. शिवाय 14 इतक्या लहान संख्येत योगायोगाचा वाटा मोठा असतो. धोका तोच राहिला, तरी एखाद्या वर्षी आठ आणि एखाद्या वर्षी तेवीस मृत्यू होऊ शकतात. पाणी जरूर तपासून घ्या, त्यासाठी मृत्युदराची वाट पाहण्याचे कारण नाही. मात्र साडेसतराच्या आकड्यावरून टाकीला दोष देता येत नाही.

आणखी एक गोष्ट. ‘साठीच्या पुढे’ हा फार रुंद गट आहे. 61 वर्षांच्या आणि 86 वर्षांच्या माणसाच्या धोक्यात जमीनअस्मानाचा फरक आहे. दोन गावांत साठीच्या पुढचे तितकेच असतील, पण एका गावात त्यातले बरेचसे ऐंशी ओलांडलेले असतील, तर तीन गटांच्या हिशेबात तो फरक तसाच शिल्लक राहतो आणि आपल्याला मात्र वाटते की वयाचा प्रश्न मिटला. म्हणून शक्यतो पाच-पाच वर्षांचे गट घ्यावेत.

रानवारा

पाच-पाच वर्षांचे गट ठीक, पण गावाकडे वये कुठे अचूक असतात? माझ्या आजीचे वय दाखल्यावर 80 आहे. तिच्या धाकट्या भावाचेही 80.

निवृत्त_गुरुजी

रानवारा यांचे म्हणणे खरे आहे. मी ग्रामपंचायतीचे मृत्यूंचे रजिस्टर उघडून पाहिले. ज्येष्ठांच्या वयाच्या रकान्यात 70, 75, 80, 65, 70, 80 अशीच ओळ आहे. 72 किंवा 78 क्वचितच. सांगणाऱ्याने अदमासे सांगायचे आणि लिहिणाऱ्याने लिहायचे.

शरयू

शून्य आणि पाचावर संपणाऱ्या वयांची अशी गर्दी दिसली, की समजावे की वये अंदाजाने लिहिलेली आहेत. तेव्हा पाच वर्षांचे गट करूनही मर्यादित अचूकताच मिळते. मी अशा वेळी 60 ते 74 आणि 75 च्या पुढचे असे दोनच गट करते. साठच्या सीमेवर मात्र विशेष लक्ष ठेवावे लागते, कारण सरकारी सवलतींसाठी वय वाढवून सांगितलेले असू शकते. मग अंशात एक वय आणि छेदात दुसरे, असे होऊन बसते.

गुरुजी, एका वर्षाऐवजी तीन वर्षे घेतलीत तर बरे होईल. चर्चा सुरू होते ती नेमकी वाईट वर्षानंतर, आणि मग तेच वर्ष हिशेबाला घेतले जाते.

निवृत्त_गुरुजी

तीन वर्षांचे पाहिले. 12, 9 आणि 14, एकूण 35. आपल्या पद्धतीने तीन वर्षांत सुमारे 40 अपेक्षित होते. म्हणजे गाव अपेक्षेपेक्षा चांगलेच निघाले. ग्रामसभेत हे सांगणे माझे कर्तव्य आहे आणि मी ते सांगणार आहे.

परंतु वयाप्रमाणे लावून पाहिल्यावर मला स्वस्थता वाटेना. साठीच्या पुढचे 28 गेले, अपेक्षा 35 ची होती. पंधरा ते एकोणसाठ वयाचे मात्र 7 गेले, आणि तिथे अपेक्षा साडेतीनच्या आसपास होती. सातही जणांना मी ओळखत होतो. त्यांतले चौघे मुंबईत नोकरीला होते, आजारी पडल्यावर गावी आले आणि इथेच गेले. त्यांतला एक माझा विद्यार्थी होता. यकृताचा आजार होता, घरी आल्यावर सव्वा महिना जगला.

मंदा आरोग्यसेविका

गुरुजी, हे आमच्याकडे नेहमीचे आहे. शहरातल्या दहा बाय दहाच्या खोलीत आजारी माणसाला ठेवणार कोण? डॉक्टरांनी हात टेकले की त्याला गावी आणतात. आयुष्य गेले मुंबईत आणि मृत्यू मोजला गेला गावाचा. वयाचे समायोजन केले, तरी हा दोष जाणार नाही.

शरयू

नाही जाणार. त्या चौघांचा धोका मुंबईत तयार झाला, छेदात ते गावच्या 400 मध्ये नव्हते, आणि अंशात मात्र आले. आणखी एक बाजूही असू शकते. धडधाकट ते शहरात जातात आणि ज्यांची प्रकृती साथ देत नाही ते गावी राहतात, त्यामुळे त्याच वयाचे गावातले लोक मुळातच थोडे नाजूक असण्याची शक्यता आहे. ही बाजू आपल्या सात जणांवरून सिद्ध होणार नाही.

गुरुजींच्या आकड्यांत आणखी एक धडा दडला आहे. त्यांच्या गावात ज्येष्ठांचे मृत्यू अपेक्षेपेक्षा कमी आणि कर्त्या वयाचे जास्त आहेत. माझ्या ‘अ’ आणि ‘ब’ प्रदेशांत तसे नव्हते, तिथे सगळ्याच गटांत एकच प्रदेश वरचढ होता, म्हणून प्रमाण लोकसंख्या कोणतीही घेतली तरी निकाल तोच राहिला. जिथे दर असे एकमेकांना छेदतात, तिथे तरुणांना जास्त वजन देणारी प्रमाण लोकसंख्या घेतली तर एक प्रदेश वाईट ठरतो आणि वृद्धांना देणारी घेतली तर दुसरा. अशा वेळी एक समायोजित आकडा सांगून थांबू नये, वयोनिहाय दरच समोर ठेवावेत.

त्र्यंबक

मग ज्येष्ठांचे मृत्यू कमी आहेत ते कशामुळे? हवा चांगली म्हणून? आणि माझा नोंदणीचा मुद्दा इथे तरी लागू होतो की नाही?

शरयू

त्र्यंबकराव, इथे तो पूर्ण लागू होतो. नागरी नोंदणीत मृत्यूची नोंद तो जिथे घडला तिथे होते. गावातली एखादी आजी उपचारासाठी मुलाकडे मुंबईला गेली आणि तिथल्या रुग्णालयात वारली, तर तिची नोंद मुंबई महापालिकेत होईल, ग्रामपंचायतीच्या रजिस्टरमध्ये नाही. 35 ऐवजी 28 दिसण्यामागे हे कारण असू शकते. गुरुजी, तुमचे 35 मृत्यू रजिस्टरवरून मोजलेले आहेत की घरोघरी विचारून?

निवृत्त_गुरुजी

रजिस्टरवरून. आपण विचारल्यावर आठवले, की आमच्या शेजारच्या काकी गेल्या वर्षी ठाण्याला लेकीकडे गेल्या. त्यांचे दिवसकार्य गावी झाले, पण रजिस्टरमध्ये त्यांचे नाव नाही. गणपतीला सगळी मंडळी गावी येतील, तेव्हा वाडीवाडीत बसून तीन वर्षांतल्या गेलेल्यांची यादी नव्याने करतो, कोण कुठे गेले आणि मूळचे राहणे कुठले, अशा दोन रकान्यांसह. पाण्याचा नमुना तालुक्याला दिला आहे. दोन्ही हाती आल्यावर इथेच लिहीन.